घरटी एक की चूलबंद? मसालेभाताचं मोठं पातेलं

वास्तुशांतीचं जेवण घरीच करायचं ठरतं, मसालेभात सासूबाईंच्या पद्धतीचाच हवा असतो, आणि त्यांना विचारलं की उत्तर येतं, "अगं, अंदाजाने घालायचं सगळं." यजमानांना विचारावं माणसं किती, तर ते म्हणतात, "येतील तशी." कृती नाही आणि आकडाही नाही, अशा वेळी दोन्ही गोष्टी आपणच काढायच्या असतात, आणि त्या काढता येतात. मसालेभाताचं उदाहरण मुद्दाम घेते आहे, कारण आमटी-मठ्ठा पाणी घालून लांबवता येतो, पण भात एकदा शिजला की वाढत नाही.

आधी कृती. ज्यांच्या हाताला ती माहीत आहे त्यांना नेहमीसारखा थोडा मसालेभात करायला सांगा, समारंभाच्या तीन-चार दिवस आधी. प्रमाण विचारू नका. विचारलं की हात अडखळतो आणि मग मसाला कधी जास्त पडतो, कधी कमी. त्याऐवजी करण्यापूर्वी तेलाची बरणी, मिठाचा डबा, गोड्या मसाल्याचा डबा, तिखटाचा डबा, गुळाचा डबा हे सगळं स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून आकडे लिहून घ्या. भात झाला की तेच डबे पुन्हा तोला. जेवढं वजन कमी झालं तेवढं पातेल्यात गेलं. चिमूट, मूठ, "थोडंसं" या सगळ्याचे ग्रॅम हातात येतात आणि करणाऱ्या बाईंना एकदाही थांबावं लागत नाही. पाणी मात्र मापाच्या भांड्यातूनच घालायला द्या. पातेलंही रिकामं असताना आणि भात झाल्यावर तोलून ठेवा.

समजा हिशोब असा निघाला: तांदूळ 250 ग्रॅम, तोंडली आणि मटार मिळून 150 ग्रॅम, तेल 45 ग्रॅम, गोडा मसाला 10 ग्रॅम, तिखट 4 ग्रॅम, मीठ 8 ग्रॅम, पाणी 600 मिलिलिटर. तयार भात भरला साधारण 900 ग्रॅम. आता घरातल्या बेताचं खाणाऱ्या मोठ्या माणसाला पोटभर वाढा आणि त्याच्या ताटात किती गेला ते तोला. मठ्ठा, कोशिंबीर, पापड आणि जिलबी सोबत असेल तर मसालेभात 320 ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे 900 ग्रॅमात जेमतेम तीन माणसं, आणि एक किलो तांदळात अकरा. दहा वर्षांच्या आतलं मूल अर्धं धरायचं. पुऱ्या-भाजीसुद्धा असेल तर हाच किलो पंधरा जणांना पुरतो, म्हणून आधी ताट ठरवा आणि मगच भागाकार करा.

आता माणसं. यजमानांना "किती जण?" असं विचारून काही मिळत नाही, कारण खरंच त्यांना ते माहीत नसतं. किती घरांना सांगितलंय ते मात्र त्यांना नक्की माहीत असतं. तेव्हा घरं मोजा. मग जुना, नेमका प्रश्न विचारा: आमंत्रण घरटी एक आहे की चूलबंद? त्याचं उत्तर गोलमोल आलं तरी हरकत नाही, कारण आपल्याला या दोन्ही टोकांचे आकडे हवेच आहेत. आपल्या उदाहरणात सांगितलेली घरं 18 आणि यजमानांच्या घरचीच माणसं, पाहुण्यांसह, 12. घरटी एकच आलं तरी 30 होतात. त्या अठरा घरांत मिळून माणसं 43, म्हणजे सगळी आली तर 55. तीसच्या खाली जाणार नाही, पंचावन्नच्या वर जाणार नाही. यांतला मधला आकडा धरून पंचेचाळीसचा भात एकदम टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळा. तीस आली तर पावणेपाच-पाच किलो भात उरतो आणि पंचावन्न आली तर शेवटच्या पंगतीला कमी पडतो.

त्याऐवजी दोन पातेली धरा. खालच्या आकड्याचं पातेलं आधी चढवायचं: तीन किलो तांदूळ, म्हणजे तेहतीस जणांचा भात. वरच्या आकड्यापर्यंतचे दोन किलो तांदूळ कोरडे तोलून ठेवायचे, भाजी चिरून झाकून गार जागी, मसाला वाट्यांत मोजून, आणि दुसऱ्या शेगडीवर गरम पाणी. तांदूळ मात्र धुवायचे नाहीत. धुतलेला तांदूळ परत डब्यात जात नाही.

दुसरं पातेलं चढवायचं की नाही, आणि किती, हे पाहुणे यायला लागले की कळतं. पहिली आठ घरं आली की माणसं मोजा. दारातल्या चपलांचे जोड मोजले तरी चालतं. आठ घरांतून सोळा जण आले असतील तर घरटी दोन पडतात. अठरा घरांचे 36, घरचे 12, एकूण 48. पहिल्या पातेल्यातून तेहतीस जेवतील, उरले पंधरा, म्हणजे दीड किलो तांदूळ. गरम पाणी तयार असेल तर फोडणीपासून वाढण्यापर्यंत पाऊण तास लागतो, तोवर पहिली पंगत उठलेली असते. पंगत बसेपर्यंत निर्णय लांबवू नका.

आता मोठ्या पातेल्यातलं प्रमाण. 250 ग्रॅमवरून तीन किलो म्हणजे बारापट, पण सगळं बारापट करायचं नाही. भाजी, गोडा मसाला, गूळ आणि मीठ सरळ बारापट: भाजी 1800 ग्रॅम, मसाला 120, मीठ 96. मिठातलं दहा-पंधरा ग्रॅम मागे ठेवा आणि पाण्याला उकळी आली की ते चाखा. तयार भातात हवं त्यापेक्षा ते किंचित खारट लागलं पाहिजे. तिखट 48 ऐवजी 36 ग्रॅमच घाला. घरच्या चार माणसांना चालणारं तिखट पन्नास जणांतल्या लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना चालत नाही, आणि वरून ठेचा देता येतो. तेल 540 ग्रॅम होतं, पण 400 पुरतं, कारण फोडणीला तेल लागतं ते बुडाच्या मापाने, आणि बूड तांदळाइतकं वाढत नाही. हीच गोष्ट पाण्याला लागू होते, आणि मोठ्या प्रमाणावरचा भात बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

पाण्याचे दोन भाग असतात. एक तांदूळ पितो. तो तांदळाच्या वजनावर अवलंबून असतो, म्हणून बारापट होतो. दुसरा वाफ होऊन जातो. तो पातेल्याच्या तोंडावर अवलंबून असतो. घरच्या पातेल्याचं तोंड 18 सेंटीमीटर रुंद आणि मोठ्याचं 36 असेल, तर मोठ्याचा पृष्ठभाग चौपट होतो, बारापट नाही. छोट्या पातेल्यातून शिजताना साधारण 150 मिलिलिटर पाणी वाफेत जातं. मोठ्यातून चौपट, म्हणजे 600. बारापटीच्या हिशोबाने मात्र आपण वाफेसाठी 1800 धरलेलं असतं. हे सव्वा लिटर जास्तीचं पाणी भाताचा गिच्च गोळा करतं. म्हणून 7.2 लिटरऐवजी सहा लिटर पाणी उकळून घ्या, आणि एक लिटर उकळतं शेजारी ठेवा, लागलं तर घालायला. नवा तांदूळ असेल तर सहातूनही अर्धा लिटर आधी बाजूला काढा. आंबेमोहोर किंवा इंद्रायणीचा मोठ्या पातेल्यात हमखास गोळा होतो. या कामाला जुना कोलम बरा.

पातेलं पंधरा-सोळा लिटरचं आणि खोलपेक्षा रुंद निवडा. शिजलेल्या भाताचा थर वितीच्या आत राहिला पाहिजे. त्याहून खोल झाला की वरच्या भाताच्या भाराने खालचा चेपतो, बुडाशी लागतो आणि वरचा कच्चा राहतो.

तांदूळ अर्धा तास आधी धुऊन निथळा. तेलात मोहरी, हिंग, हळद, लवंग-दालचिनी, कढीपत्ता. तोंडली घालून झाकण ठेवून एक वाफ काढा, कारण इतकी भाजी एकदम परतली जात नाही. मग मटार, तांदूळ, मसाला आणि तिखट घाला आणि तांदळाचा दाणा गरम लागेपर्यंत उलथण्याने कडेकडेने परता. त्यावर उकळतंच पाणी, मीठ आणि गूळ. गार पाणी घातलं तर उकळी यायला वेळ लागतो, तोवर तांदूळ भिजून फुगतो आणि मोडतो. मोठ्या आचेवर उघडंच उकळू द्या. पाणी तांदळाच्या पातळीला आलं आणि पृष्ठभागावर भोकं दिसू लागली की पातेल्याखाली जाड तवा सरकवा, आच मंद करा, झाकण घट्ट ठेवा. बारा-पंधरा मिनिटांनी कडेचा आणि मधला असे दोन दाणे बोटांत दाबून बघा. मध्ये सुईच्या टोकाएवढी कणी लागली की आच बंद करा. घरच्या छोट्या पातेल्यात आपण ती कणी जाईपर्यंत थांबतो, पण दहा किलोचा ऐवज स्वतःच्या उष्णतेवर आणखी वीस मिनिटं शिजत राहतो. ती वीस मिनिटं झाकण उघडू नका.

वरचा थर कच्चा राहिला तर पेलाभर उकळतं पाणी शिंपडून, ओलं फडकं पसरून, झाकून दहा मिनिटं मंद आच द्या. करपल्याचा वास आला तर तळ ढवळू नका, खरवडू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा, वास तळाशीच राहतो. मीठ जास्त झालं तर बटाटे घालून ते कमी होत नाही. बिनमिठाचा साधा भात वेगळा शिजवून हलक्या हाताने मिसळावा लागतो आणि वर ओलं खोबरं-कोथिंबीर जास्त घालावी लागते. दुसरं पातेलं अजून चढवायचं असेल तर त्यातच मीठ कमी करून दोन्ही भात एकत्र करता येतात.

वाढेपर्यंत पातेलं गरम राहू द्या, हाताला सोसवणार नाही इतकं. कोमट पातेल्यात भात तासन् तास ठेवणं धोक्याचं असतं, कारण शिजवूनही न मरणारे काही जिवाणू त्यात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष सकाळी फोडणी देऊन जात नाही. उरलेला भात पंगती उठल्या की दोन तासांच्या आत परातीत पातळ पसरून गार करा आणि छोट्या डब्यांत फ्रीजमध्ये ठेवा, किंवा तेव्हाच जाणाऱ्यांच्या हाती द्या.