अप्रत्यक्ष कथन : सर्वनाम बदलते, काळ बदलत नाही

13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात बाबासाहेबांनी केलेल्या घोषणेचा आशय प्रत्यक्ष कथनात असा : ‘मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही.’ अप्रत्यक्ष कथन शिकविताना आम्ही हेच वाक्य घेतो.

प्रथम सर्वनाम पाहू. ‘बाबासाहेब म्हणाले की, मी...’ असे लिहिल्यास ‘मी’ म्हणजे बाबासाहेब की लिहिणारा, हा संदेह उरतो. ‘ते’ लिहिल्यास तिसराच कोणी वाटू शकतो. म्हणून मराठी ‘आपण’ योजते : ‘बाबासाहेब म्हणाले की, आपण हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही.’

क्रियापदाचा काळ मात्र होता तसाच राहिला. इंग्रजीत मुख्य क्रियापद भूतकाळी असल्यास ‘विल’चे ‘वुड’ होते. त्या सवयीने विद्यार्थी मराठीतही ‘ते मरणार नव्हते’ असे लिहितात. तेथे निर्धार हरवतो. पूर्वी कधी योजलेला, पुढे कदाचित सोडून दिलेला बेत तेवढा उरतो. ‘मरणार नाही’ हे रूप तो निर्धार बोलल्या क्षणासारखाच जिवंत ठेवते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी तो खरा केला.