पुढचा परिच्छेद कोण वाचणार?

मराठीच्या तासाला बाकांच्या क्रमाने प्रकट वाचन असलं की माझं धड्याकडे लक्षच नसायचं. प्रत्येकीने एक परिच्छेद वाचायचा, म्हणून मी पुढची डोकी मोजायचे, आपल्या वाट्याला कुठला परिच्छेद येणार ते हेरायचे आणि तेवढाच मनात घोकत बसायचे. आधीच्या मुलींनी काय वाचलं ते कानावरही पडायचं नाही. मग सर मध्येच एखादीला दोन परिच्छेद वाचायला लावत आणि माझा सगळा हिशेब कोलमडे.

सहावीत असंच झालं. मी उभी राहिले. अक्षरं स्वच्छ दिसत होती, शब्द ओळखीचे होते, पण तोंडाला कोरड पडली आणि आवाज फुटेना. "मिठाची गुळणी धरलीस का गं?" सरांनी विचारलं. वर्ग हसला. घंटा होईपर्यंत मला तसंच उभं ठेवलं. पुढे मराठीचा तास जवळ आला की माझ्या पोटात दुखायचं आणि ते खरंच दुखायचं. प्रगतिपुस्तकावर शेरा आला, 'वाचन कच्चे'. त्याच काळात घरी मी धाकट्या भावाला रोज रात्री गोष्टी वाचून दाखवत होते.

आता मी पाचवीला शिकवते. दरवर्षी वर्गात एखाददुसरं मूल असं निघतंच आणि त्याच्यावरही बहुतेक तोच शेरा बसलेला असतो. म्हणून माझं पहिलं काम ठरलेलं आहे. ज्या परिच्छेदावर मूल अडलं, तोच परिच्छेद मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, फक्त माझ्याशेजारी बसून, हळू आवाजात वाचायला सांगायचा. तिथे ते सरळ वाचत गेलं, तर अडचण भीतीची आहे. तिथेही जोडाक्षरांवर अडखळलं, ओळ सुटली, शब्दाचं पहिलं अक्षर पाहून पुढचं अंदाजाने म्हणालं, तर आधी वाचनाचं काम करायला हवं. अशा मुलाला 'धीट हो' म्हणून काही हाती लागत नाही. आणि एकच अक्षर पुन्हापुन्हा येत असेल, स्वर ताणला जात असेल, ओठ किंवा मान आवळली जात असेल, तर ते तोतरेपण असू शकतं. त्याची वाट वेगळी, तिच्याकडे पुढे येते.

मागे एक मुलगी होती. व्हरांड्यात छान वाचायची, वर्गात नाव घेतलं की मान खाली. तिच्याबाबत मी सर्वांत आधी अनिश्चितता काढून टाकली. बाकांच्या क्रमाने वाचन बंद केलं आणि तिला आदल्या दिवशीच पुस्तकात पेन्सिलीने खूण करून दिली, "उद्या एवढ्याच दोन ओळी तुझ्या. यापलीकडे मी तुला विचारणार नाही." हा शब्द पाळणं फार महत्त्वाचं. चांगलं वाचलं म्हणून 'आता पुढचंही वाच' असं एकदा जरी म्हटलं, तरी विश्वास उडतो आणि मूल पुन्हा डोकी मोजायला लागतं. त्या दोन ओळी तिने घरी आईला तीन-चार वेळा वाचून दाखवायच्या, असं ठरलं. तोच मजकूर पुन्हापुन्हा वाचल्याने वेग आणि अचूकपणा दोन्ही वाढतात, आणि जिभेला वाट माहीत झाली की घाबरलेल्या मनावरचा भार हलका होतो.

वर्गात सुरुवात सगळ्यांच्या एकसुरात वाचण्याने केली. तिचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता, तरी मी टोकलं नाही. नंतर तिने मैत्रिणीबरोबर जोडीने, दोघींनी जागेवर बसूनच वाचलं. उभं राहिलं की तीस-चाळीस डोळे एकदम वळतात, म्हणून उभं राहणं मी सगळ्यात शेवटी ठेवते. पुढे जोडीच्या वाचनात मैत्रीण शेवटच्या ओळीआधी थांबू लागली आणि ती ओळ हिने एकटीने म्हणायची. सगळ्यात कठीण असतो तो पहिला शब्द. तो अजूनही कुणाच्या तरी आवाजात मिसळूनच सुरू होत होता. नंतर पहिलं वाक्य मी तिच्याबरोबर वाचायचे आणि हळूहळू आवाज काढून घ्यायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती बसून, एकटीने आपला परिच्छेद वाचायला लागली. मधे एकदा पाहुणे अधिकारी वर्गात आले आणि ती पुन्हा गप्प झाली. तेव्हा मी एक पायरी मागे आले, पुन्हा जोडी दिली.

तिने पहिल्यांदा एकटीने वाचलं तेव्हा टाळ्या वाजवायच्या नाहीत, हे मी जाणूनबुजून ठरवलं होतं. टाळ्या म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. "पुढे?" एवढंच म्हणून धडा चालू ठेवला आणि तास संपल्यावर तिला एकटीला सांगितलं, शेवटचं वाक्य किती स्वच्छ म्हणालीस. 'सोपं तर आहे, वाच की' हेही मी म्हणत नाही. सोपं असूनही जमलं नाही, म्हणजे मूल स्वतःलाच मठ्ठ समजतं.

प्रश्नोत्तरांत आम्ही शिक्षक फार घाई करतो. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मी मनातल्या मनात सावकाश तीन मोजते आणि तेवढ्या वेळात कुणालाही हात वर करू देत नाही. भरभर वर गेलेले हात पाहिले की घाबरलेलं मूल विचार करणंच सोडून देतं. त्यानंतर उत्तर आधी वहीत, मग शेजाऱ्याला, मग वर्गाला. भित्र्या मुलाला मी विचारते, "तुझ्या शेजाऱ्याने काय सांगितलं?" दुसऱ्याचं म्हणणं सांगताना चुकण्याचं ओझं त्याच्यावर येत नाही आणि आवाज मात्र त्याचाच असतो.

आता तोतरेपणाबद्दल. एकसुरात वाचताना तोतरं बोलणारी बरीच मुलं अजिबात अडखळत नाहीत. त्यावरून 'बघ, येतंय की, मग मघाशी नाटक करत होतास का?' असं म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. ते नाटक नसतं. दुसऱ्या आवाजांच्या सोबतीने तोतरेपण तात्पुरतं ओसरतं आणि एकट्याने बोलताना परत येतं. अशा मुलाचा शब्द आपण पुरा करायचा नाही, 'श्वास घे, हळू बोल' सांगायचं नाही, नजर न वळवता वाक्य संपेपर्यंत ऐकायचं. आणि पालकांना वाचा-उपचार तज्ज्ञाकडे पाठवायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्यांना हे मूल आवर्जून दाखवा. तिथून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवता येतं.

घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिना उलटला तरी कुणाशीच बोलत नसेल, खेळतानाही नाही, तर तो नुसता लाजाळूपणा नसू शकतो. शाळेचा पहिला महिना यात धरू नये, आणि घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा पावरी असेल तर मराठी कानावर रुळायला आणखी वेळ द्यावा. त्यानंतरही तसंच राहिलं, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवायला हवं. तोवर त्याला बोलायला लावण्यासाठी चॉकलेटचं आमिष नको आणि दटावणंही नको. मान हलवून, बोट दाखवून, पाटीवर लिहून दिलेलं उत्तर मी पूर्ण उत्तर म्हणून स्वीकारते आणि हजेरीला त्याने हात वर केला तरी चालतं, हे सगळ्या वर्गाला सांगून ठेवते.