फोटोतला तक्ता आणि फोटोइलेक्ट्रिक उंबरठा

वेस्ट विंडसरमधल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीने गृहपाठातल्या एका गणिताचा फोटो पाठवला. फोटोत एक तक्ता होता. धातूवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून मोजलेलं स्टॉपिंग पोटेन्शियल, म्हणजे इलेक्ट्रॉन जेमतेम अडवणारा उलटा व्होल्टेज, त्यात दिला होता. वारंवारतेचा स्तंभ मी जोडला.

| तरंगलांबी (नॅमी) | वारंवारता (१०¹⁴ हर्ट्‌झ) | व्होल्ट |
|---|---|---|
| ३६५ | ८.२१ | १.७९ |
| ४०५ | ७.४० | १.४६ की १.१६? |
| ४३६ | ६.८८ | १.२४ |
| ५४६ | ५.४९ | ०.६७ |

फोटो पुसट होता, पण दुसऱ्या ओळीचं उत्तर तक्त्यातच आहे. ४०५ ची वारंवारता ४३६ पेक्षा जास्त, म्हणून तिथला व्होल्टेज १.२४ पेक्षा जास्तच हवा. म्हणजे १.४६.

तिने आलेख तरंगलांबीवर काढला होता आणि शेवटचे दोन बिंदू सरळ रेषेने वाढवून उंबरठा ६७५ नॅमीवर आणला होता. पण तरंगलांबीवर हा आलेख वक्र असतो. प्रकाशकण hν ऊर्जा आणतो, त्यातली φ (वर्क फंक्शन) धातूतून सुटण्यात खर्च होते, आणि उरलेली व्होल्टेजने अडवावी लागते: eV = hν − φ. सरळ रेषा मिळते ती वारंवारतेवर.

पहिली आणि शेवटची ओळ घेऊ. व्होल्टेजमधला फरक १.१२, वारंवारतेतला २.७२, म्हणून चढ ०.४१२ × १०⁻¹⁴ व्होल्ट-सेकंद. त्याला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणलं की h = ६.६ × १०⁻³⁴ जूल-सेकंद. आता ५.४९ × ०.४१२ = २.२६, त्यातून ०.६७ वजा केले की φ = १.५९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. φ ला चढाने भागलं की उंबरठ्याची वारंवारता ३.८६ × १०¹⁴ हर्ट्‌झ, म्हणजे सुमारे ७७७ नॅमी. मघाच्या उत्तरापेक्षा शंभर नॅमी पुढे!

गृहपाठासाठी एवढं पुरे. पण हा φ नक्की कोणाचा? आमच्या शेजारच्या प्रिन्स्टनमध्ये ओवेन रिचर्डसन आणि कार्ल कॉम्प्टन यांनी १९१२ साली अशीच मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांची पामर प्रयोगशाळा होती ती इमारत आज फ्रिस्ट कॅम्पस सेंटर म्हणून ओळखली जाते. अशा प्रयोगांत एक अडचण असते. प्रकाश पडतो ती पट्टी आणि इलेक्ट्रॉन गोळा करणारी पट्टी, असे दोन धातू तारेने जोडलेले असतात. त्यांच्या वर्क फंक्शनमध्ये जेवढा फरक, तेवढा स्पर्श-विभव त्यांच्यात आपोआप तयार होतो आणि आपण लावलेल्या व्होल्टेजमध्ये मिसळतो. हिशोब मांडला की उत्सर्जक पट्टीचा φ कटतो आणि समीकरणात संग्राहकाचा φ उरतो. म्हणजे खऱ्या नळीत १.५९ आलं तर ते बहुधा संग्राहकाचं!

चढावर याचा परिणाम होत नाही, कारण सगळी रेषा सारखीच वर-खाली सरकते. म्हणून h बरोबर येतो. उत्सर्जकाचा उंबरठा शोधायचा तर उलटा व्होल्टेज काढून इलेक्ट्रॉन ओढणारा लावायचा, आणि प्रकाश लालकडे सरकवत प्रवाह कुठे जवळजवळ थांबतो ते पाहायचं.