लिमिट मागण्याआधीचा हिशेब

चि. मृणाल,


पुण्याच्या नव्या होलसेलवाल्याला पाठवायच्या पत्राचा तुझा मसुदा वाचला. 2 लाखांचं लिमिट 6 लाख करा, 21 दिवसांची मुदत 60 दिवस करा, एवढीच त्यातली कामाची ओळ. बाकी सगळा ‘वाढता व्यवसाय’ आणि ‘स्नेहसंबंध’. माझ्या मते लिमिट आणि मुदत या दोन वेगळ्या मागण्या नव्हेतच. तू किती माल उचलतेस आणि तुझा पैसा त्यात किती दिवस अडकतो, यावरून दोन्ही आकडे निघतात. तसे निघालेले आकडेच मागावेत.

तू त्याच्याकडून दर दहा दिवसांनी साधारण लाखाचा माल घेतेस. आज पहिलं बिल, दहाव्या दिवशी दुसरं, आणि 2 लाख भरले. विसाव्या दिवशी तिसरी ऑर्डर दिलीस की त्याच्याकडचा मुलगा सांगणार, ‘मॅडम, लिमिट फुल आहे, आधी जुनं बिल सोडा.’ म्हणजे कागदावर 21 दिवस, पण 2 लाखांच्या लिमिटमुळे तुला खरे मिळतात वीसच. त्याने मुदत 45 केली आणि लिमिट तेवढंच ठेवलं, तरी विसाव्या दिवशी गाडी तिथेच अडेल. उलट लिमिट वाढवून मुदत 21 ठेवली, तर तीन बिलांपलीकडे खातं चढणारच नाही आणि वरचं लिमिट नुसतं शोभेचं राहील. 45 दिवसांची मुदत खरोखर वापरायची असेल, तर पहिलं बिल फिटेपर्यंत पाच बिलं खात्यावर उभी राहतात, म्हणून लिमिट 5 लाख हवं. बिलाची रक्कम जीएसटीसकट धर, कारण लिमिट बिलाच्या एकूण रकमेवरच भरतं.

आता 45च का, 60 का नाही? तू पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे माल दुकानात सरासरी 25 दिवस राहतो. वायर पटकन जाते, पंखे आणि फॅन्सी लाइट रेंगाळतात, पण सरासरी ती. विक्रीतला 60 टक्के पैसा गल्ल्यात रोख येतो. उरलेला 40 टक्के इलेक्ट्रिशियन आणि ठेकेदारांकडे साधारण 40 दिवस राहतो. सगळ्या विक्रीवर ते 40 दिवस पसरले की 16 होतात. पंचवीस आणि सोळा, एकूण 41. एवढ्या दिवसांत त्याच्या मालाचा पैसा तुझ्या हातात परत येतो. वर चार दिवस आगेमागे होण्यासाठी ठेव. तू म्हणशील, घासाघीस होणारच आहे, 60 मागितले तर 45 वर येईल. भाजीच्या बाजारात हे चालतं. इथे समोरच्यालाही हा हिशेब येतो. 41 दिवसांत मोकळा होणारा पैसा 60 दिवस कशाला हवा, याचं त्याच्या मनातलं उत्तर एकच असतं: दुसऱ्याचं देणं फेडायला, किंवा गाळा घ्यायला. मग तो 45 सुद्धा जपून देतो.

त्याच्या बाजूनेही एकदा मांडून बघ. महिन्याला 3 लाखांचा, म्हणजे रोजचा 10 हजारांचा माल. मुदत 24 दिवसांनी वाढली की त्याचे 2 लाख 40 हजार जास्तीचे कायम तुझ्याकडे. 12 टक्के व्याजाने महिन्याला 2,400 रुपये, म्हणजे शंभराच्या विक्रीमागे 80 पैसे. त्याचं मार्जिन 4 टक्के धरलं तर पाचवा हिस्सा तिथेच गेला. आणि तुझे 5 लाख बुडाले, तर ते भरून काढायला त्याला सव्वा कोटीची विक्री करावी लागेल. त्याला खरी भीती या दुसऱ्या गोष्टीची, म्हणून पत्रात वजन तिथे टाक. जुन्या दोन सप्लायरांकडून वर्षभराचा खातेउतारा माग, ज्यात बिलाची तारीख आणि पैसे पोचल्याची तारीख शेजारी शेजारी दिसते. तुझ्या बाजूने यापेक्षा बोलका कागद नाही. सोबत 12 महिन्यांच्या जीएसटीआर-3बी मधले विक्रीचे आकडे एका पानावर लिही. उधारीचा गोषवारा दे, पण गिऱ्हाइकांची नावं झाक. स्वतःचा धंदा उघडा करायचा कशाला, ही तुझी शंका नावांपुरती रास्त आहे, आकड्यांपुरती नाही. तुझी रिटर्न वेळेवर भरली गेली की नाही, हे तर तो तुझा जीएसटी नंबर टाकून पोर्टलवर पाहूच शकतो. म्हणून ऑक्टोबरचं रिटर्न उशिरा गेलं, तेही कारणासह तूच आधी लिही.

मागणीचं वाक्य असं ठेव: ‘आतापर्यंतची तुमची नऊही बिलं मुदतीत दिली आहेत. पुढचे तीन महिने 3.5 लाख आणि 30 दिवस, आणि त्यात एकही बिल न थकल्यास 5 लाख आणि 45 दिवस, असा विचार व्हावा.’ नव्या माणसाला एकदम पाच लाखांवर सही करण्यापेक्षा हे सोपं जातं. 30 दिवसांत तीन बिलं उभी राहतात, अर्धा लाख मोठ्या ऑर्डरसाठी. मुदत बिलाच्या तारखेपासून की माल पोचल्यापासून, हेही आत्ताच लिहून घे. ट्रान्सपोर्टमध्ये दोन दिवस जातात आणि पुढे भांडण त्याच दोन दिवसांवर होतं. पंख्यांसाठी फेब्रुवारी ते मे वेगळं हंगामी लिमिट माग, नेहमीच्या लिमिटमध्ये ते मिसळू नकोस.

तो सिक्युरिटी चेक मागेल. दे, पण कोरा नको. नाव आणि रक्कम भरलेला, आणि चेक नंबर व कशासाठी दिला ते लिहिलेलं पत्र सोबत, त्याच्या सहीची पोच घेऊन. ‘नुसता सिक्युरिटीचा’ म्हणून तो निरुपद्रवी मानू नकोस; देणं थकलेलं असताना तो वटला नाही, तर कलम 138 लागू शकतं.

राहिला तुझ्या दादाचा आक्षेप, की सात दिवसांत पैसे दिले तर 2 टक्के सीडी मिळते, मग उधारी कशाला? त्याचा मुद्दा पोकळ नाही. 38 दिवस आधी पैसे देऊन 2 टक्के वाचवणं म्हणजे वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास पडतं. बँकेच्या सीसीवर त्यापेक्षा खूप कमी व्याज लागतं. सीसीत जागा असेल तेव्हा वायरची बिलं सीडीवर सोडवच. पण तुझं सीसी फेब्रुवारीत पंख्यांनी भरतं, आणि रेंगाळणाऱ्या मालाचा भार तिथे टाकला तर सीडी घ्यायलाच जागा उरत नाही. म्हणून दोन्ही हवं. मात्र मुदत वाढवताना त्याने भाव 1 टक्का चढवला, तर 24 दिवसांसाठी तो वर्षाला 15 टक्के होतो. तेव्हा होकार आला की पहिल्या बिलावरचे दर जुन्या बिलाशी ताडून बघ.

पत्र मार्चअखेरीस पाठवू नकोस, तेव्हा तो स्वतःच वसुलीच्या मागे असतो. नववं बिल सोडलंस की दुसऱ्या दिवशी पाठव.

तुझा,
मामा