पुन्हा आलेला नमस्कार

डोंबिवलीच्या पूर्वेस, फडके रस्त्यापासून जवळच असलेल्या एका जुन्या इमारतीत माझी थोरली बहीण आणि भावोजी राहतात. भावोजींची सारी नोकरी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत गेली. अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले, आणि आल्यागेल्याचे उठून स्वागत करण्याची कचेरीतली रीत त्यांनी घरीही पाळली. स्मृतिभ्रंशाच्या प्रारंभीच्या अवस्थेत आज ते आहेत. हिशेब चुकतात, औषधाच्या वेळा ताईला सांभाळाव्या लागतात, परंतु दारात माणूस दिसताच त्यांचे ‘या, या! कधी आलात? गाडीला गर्दी होती का?’ हे शब्द पूर्वीच्याच अगत्याने उमटतात. फरक इतकाच, की आलेला माणूस पाणी पिऊन होण्यापूर्वी तेच शब्द त्याच अगत्याने पुन्हा येतात, आणि चहा होईपर्यंत आणखी एकदा.

या पुनरुक्तीचे कारण समजून घेतल्यावाचून तिला नीट उत्तर देता येत नाही. अल्झायमर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात नवी घटना स्मरणात रुजविणारा मेंदूचा भाग आरंभीच दुबळा होतो. पन्नास वर्षे अंगवळणी पडलेले शिष्टाचार मात्र दुसऱ्या वाटेने चालत असल्यामुळे दीर्घकाळ टिकतात. कचेरीत आलेला कागद बारनिशीत चढलाच नाही, तर पुढे कितीही दप्तर धुंडाळले तरी तो सापडायचा नाही; तसेच मी आल्याची आणि नमस्कार झाल्याची नोंद भावोजींच्या ठायी होतच नाही. तेव्हा ‘आत्ताच तर विचारलेत’ असे त्यांना म्हणणे म्हणजे जी नोंदच झाली नाही तिचा जाब मागणे होय. त्यांच्या दृष्टीने प्रत्येक नमस्कार पहिलाच असतो, आणि तो खोटा नसतो.

हे न उमजल्याने काय घडते ते मी त्या घरात डोळ्यांनी पाहिले आहे. कल्याणहून आलेला त्यांचा एक पुतण्या, मनाने अत्यंत प्रेमळ, काकांची स्मृती जागी राहावी अशा सद्हेतूने प्रत्येक वेळी त्यांना सुधारू लागला. ‘काका, हे तिसऱ्यांदा विचारताय. आठवा बरं, मी काय सांगितलं होतं?’ भावोजी प्रथम हसले, मग त्यांनी खिशातला रुमाल काढून त्याच्या घड्या घालायला आणि मोडायला सुरुवात केली, आणि अखेरीस ते अगदी गप्प झाले. पुतण्या निघून गेला. थोड्या वेळाने तो आला होता हेही त्यांच्या ध्यानी नव्हते, परंतु रात्री ताईने पान वाढले तेव्हा ‘माझं काही चुकलं का?’ असे तिला विचारून ते दोन घास खाऊन उठले. प्रसंग पुसला गेला आणि त्याने दिलेला खेद तेवढा उरला. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी 2014 साली नेमके हेच दाखविले आहे. अल्झायमरच्या रुग्णांना त्यांनी दुःखद व सुखद चित्रपटांतील दृश्ये दाखविली. काय पाहिले हे रुग्णांना सांगता येईना, तरी त्या दृश्यांनी जागविलेली भावना त्यांच्या मनात रेंगाळत राहिली. यावरून सौजन्य वाया जात नाही हे जसे कळते, तसेच टोचून बोललेला शब्दही वाया जात नाही हेही कळते.

त्या दिवसानंतर ताईने पाहुण्यांना जिन्यातच सावध करण्याचा परिपाठ ठेवला, आणि त्यातून आमची जी रीत बसली ती सांगतो. आपल्याकडे वृद्धांना भेटताना ‘काय, ओळखलंत का मला?’ असे कौतुकाने विचारण्याची फार जुनी खोड आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ती परीक्षाच वाटते, म्हणून ती प्रथम सोडावी. त्याऐवजी समोरून, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात यावे, शक्यतो त्यांच्याइतक्याच उंचीवर बसावे, खिडकी आपल्या पाठीशी घेऊ नये, कारण मग आपला चेहरा काळोखात राहतो, आणि आपले नाते व गाव आपणच आधी सांगून टाकावे. ‘नमस्कार भावोजी. मी ताईचा भाऊ, ठाण्याहून आलोय.’ बस्स, इतके पुरे.

नमस्कार पुन्हा आला की पहिल्याच स्वरात उत्तर द्यावे. शब्द थोडे कमी झाले तरी चालतात. स्वर उतरलेला मात्र त्यांना तत्काळ कळतो. भावोजींनी ‘गाडीला गर्दी होती का?’ असे दुसऱ्यांदा विचारले, की मी म्हणतो, ‘होती हो, पण मुंब्र्याला बसायला मिळालं.’ तिसऱ्यांदा विचारले, की त्या उत्तराला त्यांच्या जुन्या आयुष्याचा एक धागा जोडतो: ‘गर्दी होतीच. तुम्ही तर वर्षानुवर्षं सकाळच्या गाडीनं कचेरी गाठत होतात.’ हे वाक्य प्रश्नार्थक नाही, याकडे लक्ष द्यावे. ‘कोणत्या गाडीने जात होतात?’ असे विचारले तर पुन्हा परीक्षा होते. विधान केले, तर आठवले तेवढे ते बोलतात, न आठवले तर मान डोलावतात, आणि दोहोंत त्यांची अब्रू राखली जाते. बहुधा ते मामलेदारांच्या दौऱ्यांवर बोलू लागतात आणि नमस्काराची आवर्तने काही काळ थांबतात.

निरीक्षणाने आणखी एक गोष्ट कळली. नजर क्षणभर दुसरीकडे गेली, म्हणजे ताई चहा घेऊन आली किंवा मी खुर्ची बदलली, की मी त्यांना नव्याने आलेला पाहुणा वाटतो. म्हणून एकदा बसलेली जागा मी सोडत नाही. निरोपही बसूनच, सावकाश घेतो, कारण दारात चपला घालणारा माणूस पाहिला की त्यांच्या मुखातून स्वागतच निघते. तरीही तसे झाले, तर ‘येतो भावोजी, पुढच्या रविवारी पुन्हा येईन’ इतके म्हणून निघावे; ‘आलो नाही, चाललोय’ अशी दुरुस्ती करू नये.

क्वचित ते मला ‘या दादा’ म्हणतात. दादा म्हणजे त्यांचे दिवंगत थोरले बंधू. अशा वेळी मी दादा असल्याचे सोंग घेत नाही, आणि दादा गेल्याची वार्ताही त्यांना देत नाही, कारण ती त्यांना दर वेळी नवीच असते. ‘दादांची आठवण आली वाटतं’ एवढेच म्हणतो, आणि दादांविषयी जे निघेल ते ऐकून घेतो.

या धीराची खरी झळ पाहुण्याला नव्हे, तर घरच्या माणसाला लागते. मी काही वेळापुरता जातो. ताई ते शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत ऐकते, आणि तिचा स्वर एखाद्या दुपारी चढला तर तिला दोष देण्याचा अधिकार भेटीस येणाऱ्या कोणालाही नाही. म्हणून मी गेलो की ती तासभर गणेशमंदिराकडे किंवा मैत्रिणीकडे जाते, आणि तेवढ्या अवधीतले सगळे नमस्कार माझ्या वाट्याला येतात. माझ्या मते पाहुण्याने नेलेल्या फळांपेक्षा या तासाची त्या घरास अधिक गरज असते.

प्रत्येक पुनरुक्ती विस्मरणाचीच असते असेही नव्हे. शब्द तेच राहून त्यांत अस्वस्थता आली, ते वारंवार उठू लागले, तर तहान लागली आहे का, लघवीला जायचे आहे का, हे आधी पाहावे. उत्तर ऐकूच आले नसेल, तर कानाचे यंत्र पाहावे. आणि जो माणूस महिनोन्‌महिने हळूहळू विसरत आला, तो एकाएकी, दोन-तीन दिवसांत किंवा काही तासांतच, फार गोंधळला, गुंगीत गेला, दिवसाची रात्र करू लागला किंवा नसलेली माणसे पाहू लागला, तर तो मूळ विकाराचा क्रम समजू नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, नव्याने सुरू केलेले एखादे औषध अशी त्याची कारणे असू शकतात, त्यांवर उपाय होतो, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे लागते.