पहाटेचा फेरफटका आणि हिवाळ्यातील इंदूरची हवा

इंदूर शहराच्या स्वच्छतेची ख्याती आज देशभर पसरलेली आहे. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून ओळीने प्रथम क्रमांक मिळविणाऱ्या या शहराने २०२५ च्या स्वच्छ वायु सर्वेक्षणातही दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत पहिले स्थान पटकावले. तथापि या दुसऱ्या सर्वेक्षणात प्रामुख्याने कोणत्या उपाययोजना झाल्या याचे मूल्यमापन होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. राष्ट्रीय स्वच्छ वायु कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला, त्यातील शहरांत इंदूरचा समावेश आहे, आणि तो हवा निर्दोष असल्यामुळे नव्हे, तर तिच्यात दोष असल्यामुळे झाला. झाडून लख्ख केलेला रस्ता व श्वासात घ्यावयाची हवा या दोन भिन्न गोष्टी होत. डोळ्यांना दिसणारा कचरा उचलता येतो. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतका, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेला कण मात्र दिसत नाही, आणि फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतो तो हाच.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो हिवाळ्यात भल्या पहाटे फिरावयास वा धावावयास निघणाऱ्या नागरिकाचा. पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, हा आपल्याकडील जुना व लाडका समज आहे. प्रस्तुत लेखकाचाही तो होता. माळव्यातील पौष-माघातील पहाट त्याला दुजोरा देत नाही.

याचे कारण असे. सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने थंड होते व तिला लागून असलेली हवाही थंड होते. त्यामुळे खाली थंड व वर तुलनेने उबदार असा हवेचा थर बसतो. एरवी उष्ण हवा वर जाते आणि धूर-धूळ आपल्याबरोबर वर नेते. येथे मात्र वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो व वाऱ्याअभावी वाहनांचा धूर, शेकोट्या, चुली व भट्ट्या यांचे उत्सर्जन खालीच साठून राहते. जानेवारीत इंदूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, परंतु जमीन तापून हे झाकण उचलले जाण्यास दहा-अकरा वाजतात. मधल्या काळात शाळांच्या बसगाड्या व कार्यालयीन वाहतूक यांची नवी भर पडते. परिणामी सकाळी सहा ते नऊ आणि रात्री आठनंतरचे तास अधिक वाईट, तर दुपारी एक ते चार हा काळ बहुधा सर्वांत बरा असतो. उन्हाळ्यात हे चित्र उलटते. एप्रिल-मे महिन्यांत कडक उन्हात वाहनांच्या धुरातील वायूंपासून ओझोन तयार होतो व दुपारी तो वाढतो, म्हणून त्या दिवसांत सकाळच बरी. सारांश, एकच वेळ वर्षभर चांगली असे नाही.

आता फळ्यावरील आकड्याविषयी. भारतीय वायु गुणवत्ता निर्देशांक २०१५ पासून प्रसिद्ध होत आहे. त्यात ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर समजली जाते. पुष्कळ वाचकांस ठाऊक नसते ते असे की, सूक्ष्म कणांच्या बाबतीत हा आकडा गेल्या चोवीस तासांच्या सरासरीवरून काढलेला असतो. सकाळी साडेसहाला पाहिलेल्या आकड्यात काल दुपारची बरी हवाही मिसळलेली असते. म्हणून त्या क्षणी हवा किती वाईट आहे हे तो सांगू शकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाईल सुविधेत स्थानकनिहाय ताशी नोंदीही मिळतात. व्यायामाचा निर्णय करावयाचा तो सूक्ष्म कणांची ताशी नोंद पाहून. स्थानकाचे ठिकाणही ध्यानात ठेवावे. छोटी ग्वालटोलीचे स्थानक रेल्वे स्थानकाच्या गजबजलेल्या परिसरात आहे. तेथील आकड्यावरून पिपल्यापाला येथील प्रादेशिक उद्यानातील हवेची परीक्षा पूर्णतः करता येत नाही, आणि उलटही नाही.

परंतु हवा कितीही वाईट असो, शरीरात काय जाते हे केवळ हवेवर ठरत नाही, तर आपण किती हवा आत ओढतो यावरही ठरते. स्वस्थ बसलेला प्रौढ मनुष्य मिनिटास सुमारे सात लिटर हवा घेतो. संथ चालताना पंधरा, झपझप चालताना पंचवीस व धावताना पन्नास लिटरच्या आसपास किंवा अधिक. धावताना आणखी एक गोष्ट घडते. नाकाने घेतलेला श्वास अपुरा पडू लागतो व तोंड उघडते. नाकातील केस व ओलसर मार्ग जे मोठे कण अडवतात, तो पहारा त्या क्षणी उठतो. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर ३ डिसेंबर २०१७ रोजी कसोटी सामना प्रदूषणामुळे खोळंबला होता, तेव्हा मैदान सोडून गेलेले श्रीलंकेचे लहिरू गमगे व सुरंगा लकमल हे दोघेही वेगवान गोलंदाज होते. धावून धावून सर्वांत जास्त हवा ज्यांच्या छातीत जाते, त्यांनाच आधी त्रास व्हावा हे नवल नव्हे.

उदाहरणादाखल रामबागेत राहणारे चौसष्ट वर्षांचे एक सेवानिवृत्त गृहस्थ घेऊ. त्यांना सौम्य दमा आहे. जानेवारीत सकाळी साडेसहाला ते झपझप तासभर चालतात. त्या तासाची सूक्ष्म कणांची नोंद घनमीटरला १२० मायक्रोग्रॅम आहे असे मानू. मिनिटास पंचवीस लिटरप्रमाणे त्यांनी तासाला दीड घनमीटर हवा घेतली, म्हणजे १८० मायक्रोग्रॅम कण श्वासाबरोबर आत ओढले. घरी बसून त्याच हवेत तासभर राहिले असते, तर हा आकडा ५० झाला असता. त्यांचा तरुण मुलगा अर्धाच तास धावला, तरी मिनिटास पन्नास लिटरप्रमाणे हिशोब १८० चाच येतो. वेळ निम्मा केला पण वेग वाढविला, तर फायदा काहीच नाही.

आता गृहस्थांनी तोच तासभराचा फेरफटका दुपारी साडेतीनला नेला व त्या वेळी नोंद ५० असली, तर मात्रा ७५ वर येते. सकाळचाच आग्रह असेल, तर अर्धा तास संथ चालावे. मिनिटास पंधरा लिटरप्रमाणे मात्रा ५४ वर येते. व्यायाम सोडावयाचा नाही, वेळ किंवा वेग यांपैकी एक बदलावयाचा, एवढेच हे गणित सांगते.

व्यायाम पूर्णतः सोडू नये याला आधार आहे. मार्को टाइनियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले गेले की, सूक्ष्म कणांचे प्रमाण १०० मायक्रोग्रॅम असलेल्या ठिकाणीही दररोज दीड तासापर्यंत सायकल चालविण्याचा किंवा दहा तासांपर्यंत चालण्याचा लाभ हानीपेक्षा मोठा ठरतो. मात्र हा हिशोब सर्वसाधारण प्रौढांच्या दीर्घकालीन आयुर्मानाचा आहे. दमेकऱ्याला आज संध्याकाळी काय होईल, याचे उत्तर तो देत नाही. त्याचे उत्तर लंडनमधील दोन अभ्यासांत सापडते. दम्याच्या रुग्णांना डिझेल वाहनांनी भरलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर व दुसऱ्या दिवशी हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालविण्यात आले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार रस्त्यावर चालल्यानंतर फुप्फुसाची क्षमता उद्यानापेक्षा अधिक घटलेली आढळली. २०१८ च्या दुसऱ्या अभ्यासात साठ वर्षांवरील व्यक्तींना उद्यानात चालण्याने हृदय व फुप्फुसास जो लाभ झाला, तो रहदारीच्या रस्त्यावर बव्हंशी नाहीसा झाला. यावरून जागेचे महत्त्व कळते. आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेने धावण्याऐवजी प्रादेशिक उद्यानाचा आतील मार्ग धरला, तर वेळ व वेग न बदलताही मात्रा कमी होते. रस्ता झाडण्याचे काम चालू असेल तेव्हा तेथून जाऊ नये हेही ओघाने आलेच.

व्यवहारात पुढील मर्यादा सोयीच्या ठरतात. त्या चोवीस तासांच्या सरासरीसाठी ठरविलेल्या आहेत, ताशी नोंदीस आपण त्या अंदाजाने लावतो. नोंद ६० च्या आत असेल, तर निरोगी माणसाने नेहमीप्रमाणे व्यायाम करावा. ६० ते ९० मध्ये दमा, हृदयविकार असलेले, वयोवृद्ध, गर्भवती व लहान मुले यांनी धावणे सोडून चालावे. ९० ओलांडल्यावर सर्वांनीच वेग कमी करावा व नाकाने श्वास घेत, पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच जोर लावावा. तोंड उघडावे लागले की मर्यादा ओलांडली असे समजावे. हे मोजमाप कोणत्याही यंत्राशिवाय होते. १२० च्या पुढे, विशेषतः दिवाळीनंतरच्या सकाळी, घरातच व्यायाम करावा.

पण ‘घरात’ म्हणजे काय, हाही प्रश्न आहे. उघड्या खिडक्यांच्या खोलीत बाहेरचीच हवा येते, आणि सकाळी केर काढला जात असेल, देवापुढे उदबत्ती जळत असेल वा स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल, तर आतील हवा बाहेरच्याहून वाईटही होते. म्हणून पहाटे खिडक्या बंद ठेवाव्यात, दुपारी हवा बरी असताना उघडाव्यात आणि व्यायाम केर काढण्यापूर्वी करावा. हवा शुद्ध करणारे यंत्र असल्यास उत्तमच. सूर्यनमस्कार, ताण देण्याचे व्यायाम, हलके वजन यांना जागा फार लागत नाही. बंद खोलीत दहा जणांनी मिळून उड्या मारणे मात्र टाळावे, तेथे कोंदट हवा व संसर्ग हे वेगळेच संकट उभे राहते. साधा कापडी रुमाल या कणांना फारसा अडवीत नाही. घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी अडवते, पण ती लावून धावताना श्वासास अडथळा होतो, म्हणून ती चालण्यापुरतीच योग्य.

चालताना खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे वा घरघर सुरू झाली, तर लगेच थांबावे व त्या हवेतून बाहेर पडावे. नेहमीच्या वेगाला नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे, हीही एक पूर्वसूचना होय. काही वेळा व्यायामाच्या वेळी काहीच जाणवत नाही, आणि संध्याकाळी वा दुसऱ्या दिवशी खोकला सुरू होतो. म्हणून दम्याच्या रुग्णाने त्या दिवसाची नोंद व रात्रीची अवस्था वहीत लिहून ठेवावी, महिन्याभरात स्वतःची मर्यादा स्वतःच कळू लागते. श्वासातून घ्यावयाचे औषध खिशात असावे. छातीत दुखणे, जबडा वा हाताकडे जाणारी कळ, किंवा औषध घेऊनही न थांबणारी धाप यांवर मात्र विश्रांती हा उपाय नव्हे, त्वरित रुग्णालयात जावे.