विखुरलेल्या नोकऱ्यांचा धागा

प्रश्न : वय ३४. आधी एमआर होतो, तेव्हा सहकाऱ्यांसाठी औषधांचे तक्ते मीच करायचो. मग क्लासमध्ये गणित शिकवलं. कच्ची मुलं माझ्याकडे देत. मध्ये वर्षभर कर्जवसुली केली. आता रुग्णालयाच्या विमा डेस्कवर नाकारलेले क्लेम माझ्याकडे येतात. पुढे काय करू?

उत्तर : पदांची नावं सोडा, लोक मुद्दाम तुमच्याकडे काय आणत ते पाहा. तक्ते, कच्ची मुलं, अडलेले क्लेम : तिन्हीकडे तुम्ही किचकट माहिती अडलेल्या माणसाला समजेल अशी मांडली. हाच धागा. ‘माणसांशी छान जमतं’ असं सांगू नका, ते कुणालाही लागू पडतं. कर्जवसुली यात बसत नाही, बसवूही नका. ‘तेव्हा पैशांची गरज होती’ एवढं खरं उत्तर पुरतं.

आता गेल्या महिन्यातले पाच क्लेम आठवा. पॉलिसीतलं नेमकं कलम सापडल्यावर बरं वाटलं, की नातेवाइकांना ते उमगल्यावर? पहिलं असेल तर विमा कंपनीत किंवा टीपीएकडे क्लेम तपासणीचं काम पाहा. दुसरं असेल, आणि मला तुमच्या पत्रावरून तसंच वाटतं, तर डेस्कवरच्या नव्या मंडळींना शिकवण्याची जबाबदारी आधी इथेच मागा.